पैसे भरण्याआधीचं शेवटचं पान: एका कनेक्टिंग तिकिटाचा प्रकरण अभ्यास

विमानाचं तिकीट काढताना शेवटच्या पानावर आपली नजर सगळ्यात आधी जाते ती एकूण रकमेवर. रक्कम ठीक वाटली की बोट ‘पे नाऊ’कडे सरकतं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. रक्कम जास्त गेली तर थोडंफार नुकसान होतं. पण नाव, तारीख, विमानतळ किंवा तिकिटांची रचना चुकली, तर अख्खं तिकीट वाया जाऊ शकतं. म्हणून या पानावर तपासणी करायची ती ‘नंतर दुरुस्त करायला काय सगळ्यात अवघड’ या क्रमाने. रक्कम शेवटी बघायची.

यासाठी एक रचलेलं प्रकरण घेऊ. त्यातली प्रत्येक अडचण मात्र तिकिटांच्या कामात नेहमी दिसणारी आहे. प्रवासी म्हणून खऱ्या कोणाला न आणता आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नमुना पासपोर्टवरच्या बाईंना बोलावू. त्यांचं नाव ॲना मारिया एरिक्सन, देश ‘युटोपिया’. व्हिएन्नाहून तिबिलिसीला जायचं, एका एजन्सीच्या साइटवरून बुकिंग, १४ नोव्हेंबरला निघायचं आणि २२ नोव्हेंबरला परत. यादीतला सगळ्यात स्वस्त पर्याय त्यांनी निवडला. त्याची यादीत दिसलेली किंमत १०० धरू, म्हणजे पुढचे आकडे कोणत्याही चलनात लावता येतील. आता पैसे भरायचं पान उघडलेलं आहे. कोपऱ्यात घड्याळ उलटं धावतंय: १४ मिनिटं ३२ सेकंद.

आधी त्या घड्याळाचंच बघू, कारण पुढची सगळी घाई तेच करवतं. बहुतेक वेळा ते साइटच्या सत्राचं घड्याळ असतं. वेळ संपली तर पान मिटतं आणि शोध पुन्हा करावा लागतो. नव्या शोधात भाडं वाढलेलं असू शकतं, तेच असू शकतं, क्वचित कमीही झालेलं असतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि शांतपणे वाचायला घ्यावं. तपासायला दहा मिनिटं पुरतात. नाही पुरली, तर पुन्हा शोधायचं.

नाव

पानाच्या वरच्या बाजूला प्रवाशाचं नाव होतं. ‘फर्स्ट नेम’च्या रकान्यात Eriksson आणि ‘लास्ट नेम’मध्ये Anna. ब्राउझरने जुन्या कुठल्यातरी फॉर्ममधली माहिती आपोआप भरली होती आणि ती उलटी पडली होती. मारिया तर गायबच. दोन्ही शब्द ओळखीचे असल्यामुळे डोळा अशा चुकीवरून सहज घसरतो.

इथे आठवणीवर विसंबू नये. पासपोर्ट हातात घ्यावा आणि फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन यंत्राने वाचायच्या ओळी असतात, त्यातली वरची ओळ वाचावी. नमुना पासपोर्टवर ती अशी आहे:

```
P<UTOERIKSSON<<ANNA<MARIA<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

पहिल्या पाच जागांमध्ये कागदपत्राचा प्रकार आणि देशाचा कोड. त्यानंतर `<<` येईपर्यंत जे असेल ते आडनाव. `<<` नंतर दिलेली नावं, त्यांच्यामध्ये एकेक `<`. म्हणजे ‘लास्ट नेम’ ERIKSSON आणि ‘फर्स्ट नेम’ ANNA MARIA. कोणता भाग आडनाव आणि कोणता नाव, हा वाद ही ओळ एका झटक्यात मिटवते. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, त्यांच्यासाठी विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात. कोणी तेच नाव दोन्हीकडे लिहायला सांगतं, कोणी रिकाम्या जागी ठरावीक अक्षरं टाकायला लावतं. अशा वेळी त्या कंपनीच्या साइटवरचा नियम बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक गोष्ट मात्र चूक वाटते पण चूक नसते. तिकिटावर नाव बहुधा ERIKSSON/ANNAMARIA MRS असं छापून येतं. दोन नावं चिकटलेली, वर ‘मिसेस’ शेपटीला. आरक्षणाच्या जुन्या यंत्रणेत नावामधली मोकळी जागा गळून जाते, एवढंच. त्यासाठी कॉल सेंटरला तासभर लाइनवर थांबायची गरज नाही.

तिकीट निघाल्यावर स्पेलिंगमधल्या एखाद्या अक्षराची दुरुस्ती बऱ्याच कंपन्या करून देतात. पण पूर्ण नाव बदलायला, म्हणजे एकाचं तिकीट दुसऱ्याला द्यायला, बहुसंख्य कंपन्या सरळ नकार देतात. उलटं पडलेलं नाव यांच्या मधोमध येतं. कोणी फुकट सरळ करून देतं, कोणी शुल्क घेतं आणि एजन्सी त्यावर स्वतःचं शुल्क लावते. आता बदललं तर एका क्लिकचं काम आहे.

विमानतळ, आणि एकच तिकीट की दोन

या प्रकरणातला खरा खड्डा इथे होता. पानावर प्रवासाचा सारांश एका ओळीत दिसत होता: व्हिएन्ना – इस्तंबूल – तिबिलिसी, इस्तंबूलला थांबा ३ तास २५ मिनिटं. ऐकायला अगदी ऐसपैस. शेजारचा बारीक बाण दाबून तपशील उघडल्यावर मात्र हे दिसलं:

```
VIE 18:05 – IST 22:30   14 Nov
SAW 01:55 – TBS 05:10   15 Nov
```

दुसरी ओळ IST ने सुरू होत नाही. ती SAW ने सुरू होते. IST म्हणजे इस्तंबूलचा मुख्य विमानतळ, शहराच्या युरोपीय बाजूला. SAW म्हणजे साबिहा गोकचेन, आशियाई बाजूला. दोन्हींमध्ये रस्त्याने सुमारे ८० किलोमीटरचं अंतर आणि मधे बॉस्फरस. शहराचं नाव एकच असल्यामुळे सारांशाच्या ओळीत यातलं काहीच कळत नाही. लंडन, मिलान, टोकियो अशा शहरांबाबतही हेच होतं. म्हणून शहराचं नाव वाचून थांबू नये. तीन अक्षरी कोड वाचावेत आणि आधीच्या विमानाचा शेवटचा कोड पुढच्या विमानाच्या पहिल्या कोडशी जुळतोय का, ते बघावं.

हे विमान मिळालं असतं का? हिशेब मांडू. २२:३० ला विमान गेटला लागलं. पासपोर्ट तपासणी आणि पट्ट्यावरून बॅग घेणं यात तास गेला, म्हणजे २३:३०. बाहेर येऊन वाहन मिळेपर्यंत २३:४५. रात्रीचा मोकळा रस्ता धरला तरी साबिहा गोकचेनच्या दारात पोचायला एक वाजत आला. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचं चेक-इन काउंटर साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होतं, म्हणजे इथे ००:५५ ला. सगळं सुरळीत झालं तरी काउंटर हुकण्याच्या बेतात. पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा आलं, तर विषयच संपला.

पण थांबा लांब असता, आठ तासांचा असता, तरीही त्याच तपशिलातल्या एका राखाडी पट्टीकडे लक्ष द्यावं लागलं असतं. तिथे लिहिलं होतं ‘सेल्फ ट्रान्सफर’. याचा अर्थ साइटने दोन वेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं एका किमतीत गुंडाळून दाखवली होती. किंमत एक, तिकिटं दोन, पीएनआरही दोन. पहिली कंपनी बॅग इस्तंबूलपर्यंतच पोचवणार. बॅग घ्यायची तर देशात प्रवेश करावा लागणार आणि प्रवाशाच्या पासपोर्टला तुर्कस्तानचा व्हिसा लागत असेल, तर तो आधी काढावा लागणार. हे तर पहिल्या विमानात बसतानाच अडकू शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं हुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त ‘नो शो’ आहात. आलाच नाहीत. बहुतेक भाड्यांच्या नियमांनुसार त्याच तिकिटावरचा पुढचा प्रवास, म्हणजे तिबिलिसीहून परतीचा भागही, मग रद्द होतो. जाताना एक विमान हुकलं आणि येतानाचं तिकीटही गेलं, असा दुहेरी फटका.

एकाच तिकिटावर हाच प्रवास असता तर चित्र वेगळं. पुढचं विमान हुकलं तर त्यानंतरच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. शिवाय व्हिएन्नाहून निघणाऱ्या प्रवासाला युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो आणि एकाच बुकिंगवरचा प्रवास तिथे शेवटच्या मुक्कामापर्यंत अखंड धरला जातो. कंपनीच्या दोषामुळे तीन तास किंवा अधिक उशीर झाला, तर भरपाई मागता येते. दोन स्वतंत्र तिकिटांच्या मधला सांधा मात्र या संरक्षणात येत नाही. काही साइट त्यावर स्वतःची ‘कनेक्शन गॅरंटी’ विकतात. ती साइटची योजना असते, विमान कंपनीचं तिच्याशी काही देणंघेणं नसतं. ती घ्यायचीच असेल तर मर्यादा वाचून घ्यावी, विशेषतः कळवण्याची मुदत किती तासांची आहे ते.

पट्टी दिसली नाही तर दोन तिकिटं कशी ओळखायची? ‘बॅग पुन्हा चेक-इन करावी लागेल’ हे वाक्य शोधावं. भाड्याच्या अटींचे दोन वेगळे दुवे आहेत का ते बघावं. सामानाची मर्यादा प्रत्येक टप्प्याला वेगळी दिसत असेल तर संशय घ्यावा. पण विमान कंपन्यांची नावं वेगळी आहेत, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. भागीदार कंपन्या एका तिकिटावर दोन नावांची विमानं देतात, आणि तिथे ‘ऑपरेटेड बाय’ असं लिहिलेलं असतं. ते नाव मात्र लक्षात ठेवावं, कारण सामान आणि चेक-इनचे नियम पुष्कळदा प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचे लागतात.

तारखेचं थोडक्यात. परतीच्या टप्प्यात तिबिलिसीहून सुटण्याची वेळ २२ नोव्हेंबर, ०४:३० अशी होती. म्हणजे विमानतळावर २१ तारखेच्या रात्रीच निघायला हवं आणि हॉटेलही २१ पर्यंतच लागेल. मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यानची प्रत्येक वेळ दिसली की ‘घरातून कोणत्या तारखेच्या रात्री निघायचं’ हे स्वतःशी मोठ्याने म्हणून बघावं. वेळेशेजारी +1 असेल तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची.

सामान

पानावर बॅगेचं चित्र होतं आणि त्यावर हिरवी खूण. ती खूण पहिल्या टप्प्याची होती: २३ किलोची एक बॅग. दुसऱ्या टप्प्याच्या तपशिलात फक्त सीटखाली मावेल एवढी छोटी बॅग. वरच्या कप्प्यात ठेवायची बॅगसुद्धा त्या भाड्यात नव्हती. हा फरक काउंटरवर कळला असता तर तिथला दर लागला असता, आणि तो ऑनलाइन दरापेक्षा जवळपास नेहमीच चढा असतो. ‘केबिन बॅग’ आणि ‘पर्सनल आयटम’ हे दोन वेगळे प्रकार आहेत हे धरूनच ही ओळ वाचावी आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी वाचावी.

आता रक्कम

एकूण आकडा होता ११७. यादीत दिसले होते १००. मधले १७ कुठून आले? तपशील उघडल्यावर चार ओळी: एजन्सीचं सेवाशुल्क ५, कार्डाने भरण्याचं शुल्क २, ‘फ्लेक्सिबल तिकीट’ ७, ‘प्राधान्य मदत’ ३.

युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या विमानांसाठी २००८ ची १००८ क्रमांकाची नियमावली सांगते की टाळता न येणारे सगळे कर आणि शुल्क धरून अंतिम किंमत सतत दिसली पाहिजे आणि ऐच्छिक गोष्टी ग्राहकाने स्वतः निवडल्या तरच जोडाव्यात. आधीच टिक केलेले चौकोन तिथे चालत नाहीत. म्हणून मग साइट वेगळी वाट काढतात. मधल्या पानावर ‘होय, माझा प्रवास सुरक्षित करा’ असं भलंमोठं रंगीत बटण, आणि खाली फिकट अक्षरांत ‘नको, मी जोखीम घेतो’. पुढे जायच्या नादात माणूस मोठं बटण दाबतो. आमच्या ॲनाबाईंचंही तेच झालं.

‘फ्लेक्सिबल तिकीट’ हे नाव ऐकून तारीख फुकट बदलता येईल असं वाटतं. अटी उघडल्या तर बहुधा निघतं ते इतकंच: बदल करताना एजन्सी स्वतःचं शुल्क माफ करेल, भाड्यातला फरक तुम्ही भरायचा, आणि त्याच कंपनीच्या विमानात जागा असेल तरच. याचा उपयोग कोणालाच नाही असं मी म्हणणार नाही. पण सात रुपये घ्या, युरो घ्या, जे काही घ्या, ते नेमके कशाचे ते माहीत असावं. ‘रिफंडेबल’ या शब्दाचंही असंच. कंपनीचं रद्दीकरण शुल्क आणि एजन्सीचं शुल्क अशी दोन वजाबाक्या झाल्यावर हातात काय उरेल, तो आकडा शोधायचा.

दोन ऐच्छिक ओळी काढल्यावर एकूण १०७ झाले. दुसऱ्या टप्प्याची बॅग जोडली, तिचे ९, म्हणजे ११६. इस्तंबूलमधल्या विमानतळ-बदलाचं वाहन साधारण ४ धरलं तर १२०. आता यादीत मागे जाऊन बघितलं. एकाच तिकिटावरचा, IST लाच विमान बदलायचा पर्याय तिथे ११४ ला दिसत होता. त्यात दोन्ही टप्प्यांना २३ किलोची बॅग. सेवाशुल्क आणि कार्डशुल्क धरून १२१. पहिल्यांदा यादी बघताना १४ चा फरक दिसला होता, तो खरं तर १ चा होता. ॲनाबाई अर्थातच दुसऱ्या पर्यायावर गेल्या, आणि तिथे नावापासून सगळी तपासणी पुन्हा केली, कारण नव्या बुकिंगमध्ये ब्राउझरने नाव परत उलटंच भरलं होतं.

चलनाचा प्रश्न

कार्डाचा नंबर टाकताच आणखी एक चौकट उघडली: ‘तुमच्या कार्डाच्या चलनात भरा, हमखास दर’. रक्कम ओळखीच्या चलनात दिसते म्हणून बरं वाटतं. पण हा दर व्यापारी किंवा त्याची पेमेंट कंपनी ठरवते आणि त्यात त्यांचा वाटा मिसळलेला असतो. तपासायचं कसं? व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या साइटवर त्या दिवसाचा विनिमय दर काढायची सोय आहे. त्या दराने १२१ चे किती होतात ते बघायचं आणि चौकटीतल्या आकड्याशी ताडून बघायचं.

इथे चौकटीतली रक्कम ४ टक्क्यांनी जास्त निघाली, म्हणजे जवळपास १२६. कार्डाच्या बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क २ टक्के होतं. म्हणजे मूळ चलनात भरलं तर सुमारे १२३.४. मूळ चलन स्वस्त पडलं. बँकेचं शुल्क ४ टक्क्यांच्या जवळ असतं तर हिशेब बरोबरीत आला असता, त्यामुळे आपल्या कार्डाचा आकडा माहीत असल्याशिवाय ठाम सांगता येत नाही. आणखी एक मेख आहे. व्यापारी परदेशातला असेल तर काही बँका रक्कम आपल्या चलनात असूनही शुल्क लावतात. तसं असेल तर ती ‘हमखास दरा’ची चौकट दोन्हीकडून कापते.

शेवटची दोन टोकं: पत्ता आणि ओटीपी

कार्डाची माहिती टाकण्याआधी पत्त्याची पट्टी बघायची. कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की मधल्या वाटेत माहिती सांकेतिक स्वरूपात जाते. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. पत्ता उजवीकडून वाचावा, `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीपासून. `airline.example.com` ही साइट `example.com` ची आहे, airline ची नाही. पैसे भरताना पान एखाद्या पेमेंट कंपनीच्या किंवा बँकेच्या पत्त्यावर जाणं यात वावगं काही नाही. मात्र तिथे पोचलेली रक्कम आणि व्यापाऱ्याचं नाव आधीच्या पानाशी जुळलं पाहिजे.

ओटीपीचा मेसेज किंवा बँकेच्या ॲपमधली संमती हा शेवटचा थांबा. त्यात रक्कम, चलन आणि व्यापाऱ्याचं नाव असतं. लोक सहा आकडे टिपतात आणि बाकीचा मेसेज वाचत नाहीत. चलनाच्या चौकटीत ‘नको’ म्हटलं होतं आणि मेसेजमध्ये रक्कम आपल्या चलनात आली, तर ‘नको’ पोचलेलं नाही. कोड न टाकता परत फिरायचं.

कोड टाकल्यावर पान अडकलं, गोल चक्र फिरत राहिलं, तर मागे जाऊन पुन्हा पैसे भरू नयेत. आधी बँकेत रक्कम अडली आहे का ते बघावं, मग ईमेल आणि साइटवरची ‘माझी बुकिंग’. नाहीतर एकाच प्रवाशाची एकाच विमानात दोन तिकिटं निघतात आणि एक रद्द करायला शुल्क पडतं.

पैसे गेले म्हणजे तिकीट निघालं असंही नाही. एजन्सीचा स्वतःचा बुकिंग क्रमांक लगेच येतो. हवा असतो तो विमान कंपनीचा सहा अक्षरी पीएनआर आणि १३ आकडी ई-तिकीट क्रमांक, ज्याचे पहिले तीन आकडे कंपनीचा कोड असतात. पीएनआर नुसतं आरक्षण दाखवतो. तिकीट क्रमांक नसेल तर ते आरक्षण मुदत संपल्यावर आपोआप सुटू शकतं. ॲनाबाईंना एजन्सीचा मेल दोन मिनिटांत आला, त्यात तिकीट क्रमांक नव्हता. तो काही तासांनी आला. मग विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून त्यांनी चारही टप्पे, नाव आणि बॅग पुन्हा एकदा बघून घेतलं. नाव तिथे ERIKSSON/ANNAMARIA MRS असं होतं.